पहिलं पुष्प, शेवटचं पुष्प: वक्त्याचा परिचय वेगवेगळा का आणि कसा करायचा

व्याख्यानमालेत परिचय करून द्यायचं काम नव्या कार्यकर्त्याकडे फार लवकर येतं. "तुझा आवाज चांगला आहे, पाचही दिवस तूच कर" असं कुणीतरी ज्येष्ठ सांगतं आणि हातात पाच वक्त्यांची परिचयपत्रं पडतात. आपण पाचही परिचय एकाच रात्री, एकाच साच्यात लिहून मोकळे होतो: जन्म, शिक्षण, पदं, पुस्तकं, पुरस्कार, "मी त्यांना विनंती करतो की…" मधल्या तीन दिवशी असा परिचय एक वेळ खपून जातो. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मात्र तो फसतो, आणि दोन्ही दिवशी फसण्याचं कारण वेगळं असतं.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून ही रीत महाराष्ट्रभर पसरली, आणि आज तालुक्याच्या गावातलं वाचनालयसुद्धा तीन, पाच किंवा सात दिवसांची माला भरवतं. हा लेख अशा छोट्या मालेत माइकसमोर पहिल्यांदा उभं राहणाऱ्यासाठी आहे. उदाहरण म्हणून भीमेकाठच्या एका तालुक्याच्या गावी झालेली पाच दिवसांची माला घेतो, कारण तिथले पाचही परिचय मी केले होते. विषय होता भीमा नदी. पहिल्या दिवशी भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, दुसऱ्या दिवशी वारीचे अभ्यासक, तिसऱ्या दिवशी उजनी धरणावर पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, चौथ्या दिवशी पक्षी-अभ्यासक आणि पाचव्या दिवशी जलाशयाकाठच्या गावच्या माजी सरपंच.

आधी सभागृह ओळखा

पहिल्या दिवशी सभागृह थंड असतं. साडेसहाची वेळ दिलेली असते, पावणेसातला दीपप्रज्वलन होतं, मग प्रतिमापूजन, स्वागत, अध्यक्षांचं प्रास्ताविक, देणगीदारांचा सत्कार. परिचय करणाऱ्याचा नंबर येईपर्यंत लोकांनी तीन-चार जणांची बोलणी ऐकलेली असतात आणि विषयाचा एक शब्दही कानावर पडलेला नसतो. दाराशी चपला काढणं चालू असतं, खुर्च्या सरकत असतात, माइकवाला अजून आवाज जुळवत असतो. समोरची माणसं एकमेकांना नीट ओळखतही नाहीत, आणि ही माला आपल्यासाठी आहे की नाही याचा निर्णय त्यांनी अजून घेतलेला नसतो.

शेवटच्या दिवशी याच्या उलट. समोरच्या निम्म्याहून अधिक माणसांनी आधीचे दिवस एकत्र काढलेले असतात. कोण कुठे बसतं हेसुद्धा ठरून गेलेलं असतं. भीमेचा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे, आधीच्या वक्त्यांची वाक्यं घरी जेवताना बोलून झाली आहेत. अशा सभागृहाला जागं करायची गरज नसते. ते जे धरून बसलं आहे त्याला हात घातला की पुरतं.

जोर कुठे लावायचा आणि संदर्भ कुठून आणायचे, हे दोन्ही या फरकावरून ठरतं. पहिल्या दिवशी संदर्भ सभागृहाच्या बाहेरचा हवा, सगळ्या गावाला ठाऊक असलेला. शेवटच्या दिवशी तो सभागृहाच्या आतला हवा, या लोकांनी या चार दिवसांत मिळवलेला.

पहिल्या वक्त्यासाठी: फोन आणि निवड

व्याख्यानाच्या चार-पाच दिवस आधी वक्त्यांना फोन करा. परिचयपत्रात नसतं ते विचारा. मी तीन गोष्टी विचारतो: या विषयाकडे तुम्ही कसे आलात, आमच्या भागाशी तुमचा काही संबंध आला आहे का, आणि पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय सांगणार आहात. तिसरा प्रश्न अर्थातच सगळ्यात कामाचा. त्यांची सुरुवात आपल्या तोंडून निघून गेली, तर त्यांना मंचावर उभ्याउभ्या नवी सुरुवात शोधावी लागते.

आमच्या प्राध्यापकांचं परिचयपत्र तीन पानांचं होतं. शोधनिबंध, समित्या, परदेश दौरे. फोनवर मात्र ते सहज म्हणाले की तरुणपणी ते आमच्याच तालुक्यात विहिरींमध्ये उतरून दगडाचे थर पाहत फिरले होते, आणि कुठे पाणी लागलं नाही हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं आहे. त्या तीन पानांतून मी शेवटी "पस्तीस वर्षं शिकवलं" एवढंच घेतलं आणि उरलेली जागा विहिरींना दिली. पहिल्या दिवशीच्या श्रोत्याला एवढंच हवं असतं की या माणसाला विषय कळतो आणि आमचं गावही माहीत आहे.

दुसरं एक काम पहिल्या दिवसाच्या परिचयकर्त्यावरच येतं: पाच दिवसांची चौकट दाखवणं. प्रास्ताविक करणारे हे करतील असं गृहीत धरू नका. त्यांना आधी विचारा. बहुतेक वेळा प्रास्ताविकात संस्थेचा इतिहास येतो, मालेचा विषय येत नाही. चौकट एका वाक्यात मांडा. पुढच्या वक्त्यांची नावं घेऊ नका, ती पत्रिकेवर छापलेली असतात, आणि पुढच्या दिवसांची स्तुती तर मुळीच करू नका. "शेवटच्या दिवशी तर विशेष पर्वणी आहे" हे वाक्य मी पहिल्या दिवशी अनेकदा ऐकलं आहे. ते ऐकताना मंचावर बसलेल्या पहिल्या वक्त्याचा चेहरा पाहा, म्हणजे का बोलू नये ते कळेल.

पहिल्या दिवशी मी काय बोललो

नावाच्या जागी 'अमुक' लिहितो.

"नमस्कार. आपल्या घाटावर उतरलं की पायाला काळा दगड लागतो. आपण त्यावर कपडे आपटतो, पोरं त्यावरून पाण्यात सूर मारतात. घाटावरचा हा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वितळलेला, वाहता लाव्हा होता. आणि आपल्या विहिरीला पाणी कुठे लागावं, हे आजही तोच दगड ठरवतो. हे ज्यांना माहीत आहे ते प्राध्यापक अमुक आज आपल्यात आहेत. पाच दिवस आपण भीमेबद्दल ऐकणार आहोत: तिच्या खालचा दगड, तिच्या काठची वारी, तिच्यावरचं धरण, तिच्यावर उतरणारे पक्षी आणि तिच्या काठची माणसं. आज सुरुवात दगडापासून. अमुक सरांनी पस्तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की आपल्या तालुक्यातल्या विहिरींमध्ये ते स्वतः दोर धरून उतरले आहेत. जिथे पाणी लागलं त्या विहिरी त्यांच्या वहीत आहेत, आणि जिथे लागलं नाही त्याही आहेत. आजचा विषय, भीमेखालचा दगड. प्राध्यापक अमुक."

यातला काळा दगड मी दोनदा घेतला आहे, तो मुद्दाम. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य निम्म्या लोकांना ऐकूच जात नाही. खुर्च्यांच्या आवाजात ते हरवतं. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत असं काही ठेवा जे हरवलं तरी चालेल, आणि तीच गोष्ट तिसऱ्या वाक्यात पुन्हा पकडा. त्याच कारणाने वक्त्याचं नावही एकदा मध्ये आणि एकदा शेवटी येतं. उशिरा आलेल्याला ते शेवटी कळतं.

घाटाचा दगड गावातल्या प्रत्येकाच्या पायाला लागलेला आहे. पहिल्या दिवसाचा संदर्भ असाच, हात लावता येईल असा असावा. मी आधी भीमाशंकरच्या उगमापासून सुरुवात लिहिली होती. ती खोडली, कारण उगम पाहिलेले लोक थोडे आणि घाट पाहिलेले सगळे. एखाद्या कवितेची ओळ किंवा थोर माणसाचं वचन घ्यायचा मोह होतो, पण थंड सभागृहात वचन म्हटलं की लोक आणखी एका भाषणाची तयारी करून मागे टेकतात.

आता आवाज. पहिल्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवा आणि वेग कमी. वेग वाढवणं म्हणजे उत्साह, हा नव्या माणसाचा हमखास गैरसमज. गोंगाट असताना भरभर बोललं की शब्द एकमेकांत मिसळतात. प्रत्येक नावानंतर आणि 'पाच दिवस' या शब्दांनंतर श्वासभर थांबा. शेवटचं नाव स्पष्ट, थोडं चढ्या आवाजात घ्या आणि गप्प व्हा. पहिल्या दिवशी टाळ्या आपोआप येत नाहीत, त्या नावाच्या पाठोपाठ उठाव्या लागतात. नावापुढे "मी त्यांना विनंती करतो की त्यांनी आपले अमूल्य विचार" जोडलं की टाळ्यांची जागाच निघून जाते.

हा सगळा परिचय दीड मिनिटात होतो. पहिल्या दिवशी तीन मिनिटांच्या पुढे जाऊ नका. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं.

मधले दिवस: वही

शेवटच्या परिचयाची तयारी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. एक छोटी वही खिशात ठेवा. त्यात वक्त्याचे मुद्दे लिहू नका. श्रोत्यांनी काय उचललं ते लिहा: कुठल्या वाक्याला सभागृह शांत झालं, प्रश्नोत्तरात कुणी काय विचारलं, आणि नंतर चहाच्या टेबलाशी लोक कशावर बोलत होते. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी एकच ओळ आहे. धरणावरचं व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "धरणात पाणी आहे, मग आमच्या हंड्यात का नाही?" इंजिनिअरसाहेबांनी कालव्यांचं आणि आवर्तनांचं गणित सांगून उत्तर दिलं, व्यवस्थित दिलं. पण चहाच्या वेळी लोक उत्तरावर बोलत नव्हते, प्रश्नावर बोलत होते. शेवटच्या दिवसाचा धागा मला तिथेच मिळाला.

शेवटच्या वक्त्यासाठी: आदल्या रात्रीचा फोन

शेवटचा वक्ता साधारणपणे त्याच दिवशी येतो. आधीचे चार दिवस त्याने ऐकलेले नसतात. सभागृहात तो एकटाच असा असतो ज्याला आतले संदर्भ माहीत नाहीत. म्हणून आदल्या रात्री त्यांना फोन करून पाच मिनिटांत सांगा की आतापर्यंत काय झालं. आणि विचारा, "यातलं काही तुम्हाला पटत नाही का?"

हा प्रश्न मी एका चुकीतून शिकलो. एका गावी शेवटच्या दिवशी मी दुसऱ्या वक्त्याचा एक मुद्दा मोठ्या कौतुकाने परिचयात घेतला, लोकांनी मान डोलावली, आणि शेवटच्या वक्त्यांचं सगळं व्याख्यानच नेमकं तो मुद्दा कसा चूक आहे यावर होतं. पहिली दहा मिनिटं ते चाचरत बोलले, कारण मी तो मुद्दा सभागृहाच्या वतीने मान्य करून टाकला होता. त्यांना आता वक्त्याशी नाही, सभागृहाशी वाद घालावा लागत होता. मतभेद असणार आहे हे आधी कळलं असतं, तर तोच मुद्दा मी प्रश्न म्हणून ठेवला असता.

आमच्या सरपंचबाईंना मी आजोबांचा प्रश्न फोनवर सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तिथूनच बोलते मग."

शेवटच्या दिवशी मी काय बोललो

"पहिल्या दिवशी आपण ऐकलं, की आपला दगड पोटात फार पाणी धरत नाही. भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढंच. तिसऱ्या दिवशी इथेच, मागच्या रांगेतून एक प्रश्न आला: धरणात पाणी आहे, मग आमच्या हंड्यात का नाही? त्याचं कालव्याच्या बाजूचं उत्तर आपण ऐकलं. आज तो प्रश्न दुसऱ्या काठावरून ऐकू. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि काठची गावं वर सरकली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. काही गावांची नुसती जोती दिसतात. त्यातल्या एका जोत्यावर आजच्या वक्त्यांचं लहानपणचं घर होतं. त्याच गावाच्या नव्या वस्तीत त्या दहा वर्षं सरपंच होत्या, आणि हंड्याचा प्रश्न त्यांच्या दारात रोज सकाळी यायचा. श्रीमती अमुक."

यात संदर्भ दोनच आहेत. चारही वक्त्यांची हजेरी लावायचा मोह फार होतो, एकाला घेतलं आणि दुसऱ्याला सोडलं तर वाईट दिसेल असं वाटतं. पण चारही घेतले की तो परिचय राहत नाही, आढावा होतो, आणि आढावा समारोपात अध्यक्ष घेणारच असतात. आजच्या वक्त्यापर्यंत जो रस्ता नेतो तेवढाच संदर्भ घ्या. वारीचं आणि पक्ष्यांचं व्याख्यान सुंदर झालं होतं, पण इथे त्यांचं काम नव्हतं. त्यांचा उल्लेख आभारात आला.

दुसरी गोष्ट, फक्त शेवटच्याच दिवशी आलेली माणसंही सभागृहात असतात. आमच्याकडे सरपंचबाईंच्या गावाहून टेम्पो भरून माणसं आली होती. "तुम्हाला आठवतच असेल, परवा सरांनी कसा तो किस्सा सांगितला" असं म्हटलं की जुने हसतात आणि नवे बाहेर पडतात. संदर्भ असा मांडा की न आलेल्यालाही तो जागच्या जागी कळेल. आजोबांचा प्रश्न कळायला तिसऱ्या दिवशी हजर असावं लागत नाही. ज्याला तो दिवस आठवतो त्याला त्यात जास्त काही मिळतं, इतकंच.

आवाज इथे खालून सुरू करा. नमस्कारही मी घेतला नाही. माइकजवळ येऊन दोन सेकंद थांबलो आणि नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात पहिलं वाक्य म्हटलं. ओळखीच्या सभागृहात हळू आवाजाने शांतता जास्त होते. नाव एकदाच, अगदी शेवटी. पहिल्या दिवसापेक्षा परिचय जरा छोटाच ठेवा, कारण चौकट बांधायची नसते, आणि शेवटच्या दिवशी समारोप, आभार, पसायदान हे सगळं पुढे रांगेत असतं. त्याचा ताण वक्त्याच्या वेळेवर पडू देऊ नका.

शेवटच्या दिवशी नेमकं काय बिघडतं

पाच दिवस राबलेल्या माणसाचं मन भरून येतं, आणि ते परिचयात सांडतं. "बघता बघता पाच दिवस संपले", "आज निरोप घेताना", "कार्यकर्त्यांनी जिवाचं रान केलं" ही सगळी वाक्यं खरी आणि मनापासूनची असतात. पण ती ऐकल्यावर श्रोता आवरायला लागतो. लोक पिशव्या उचलून मांडीवर घेतात, कुणी घड्याळ बघतं. ज्याचं तासभराचं व्याख्यान अजून सुरूच झालेलं नाही, त्याला आपण निरोपाच्या सभेत उभं करतो. परिचयात 'शेवट' हा शब्दच येऊ देऊ नका. तो पत्रिकेवर आहे.

दुसरा बिघाड म्हणजे तुलना. "आतापर्यंत चार पुष्पं झाली, पण आजचं पुष्प म्हणजे कळस." यात चार वक्त्यांचा आणि त्यांना आवडीने ऐकलेल्या श्रोत्यांचा एकदम अपमान होतो, आणि पाचव्यावर नको ते ओझं येतं.

परिचय जमला की नाही हे वक्त्याच्या पहिल्या मिनिटावरून कळतं. "माझं फारच कौतुक केलं" म्हणत त्यांनी सुरुवात केली, तर आपण माणसाबद्दल जास्त बोललो आणि विषयाबद्दल कमी. आपण सांगितलेलंच ते पुन्हा सांगू लागले, तर फोन नीट झाला नव्हता. परिचयातली गोष्ट हातात घेऊन ते पुढे निघाले, तर काम झालं. त्या संध्याकाळी सरपंचबाई माइकसमोर आल्या, मागच्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "आजोबा आज आलेत का?" आजोबांनी हात वर केला, आणि त्या थेट त्यांच्याशी बोलू लागल्या.

त्यानंतर आपण मंचावरून खाली उतरायचं, खाली बसून ऐकायचं, आणि वही आभार मानणाऱ्याच्या हाती द्यायची. परिचयात न घेतलेली नावं आणि क्षण त्याला तिथे लागतात.